तळघरातल्या गळतीचं पत्र

त्या सकाळी आमच्या सोसायटीच्या पंपवाल्याने दाराची बेल न वाजवता कडीच वाजवली. बेल वाजेल की नाही याची त्याला खात्री नव्हती, हे मला नंतर कळलं.

"ताई, खाली या. पर जिन्याच्या शेवटच्या पायरीवरनं उतरू नका. पाणी मीटरच्या खोलीत घुसलंय."

मी तशीच निघाले. श्रावण संपत आला होता. गेले दहा-बारा दिवस कर्जतला पाऊस थांबलाच नव्हता. बेसमेंटमध्ये पाणी असणार हे मला ठाऊक होतं, ते तीन पावसाळे येतच होतं. आधी भिंतीवर ओल, मग कोपऱ्यात डबकं, मग गाड्यांच्या चाकांखाली पातळ थर. त्या दिवशी मात्र घोटाभर पाणी होतं आणि लिफ्टचा, पंपाचा, सगळ्या सामाईक दिव्यांचा पॅनल ज्या खोलीत आहे तिच्या उंबऱ्यावरून ते आत गेलं होतं. आतून बारीक गुणगुणल्यासारखा आवाज येत होता. मेन स्विच त्याच खोलीत. म्हणजे वीज बंद करायची तर त्याच पाण्यात पाय घालायला हवा होता.

पंपवाला जिन्यावर माझ्या पुढे हात आडवा धरून उभा होता. पन्नाशीचा, काटक माणूस. घाटाच्या पायथ्याच्या वाडीतून रोज सायकलने यायचा. "मी जाऊ का?" असं त्याने विचारलं, आणि माझा नकार यायच्या आधीच मला त्याच्या डोळ्यांत दिसलं की मी हो म्हटलं असतं तर तो गेला असता. त्याची मला जास्त भीती वाटली.

"कोणी जायचं नाही," मी म्हटलं. "वायरमनला फोन लावते."

वायरमन पाऊण तासाने आला आणि त्याने रस्त्याकडेच्या खांबावरूनच आमची लाइन तोडली. त्या पाऊण तासात मी जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले होते. गाडी काढायला येणाऱ्या प्रत्येकाला परत पाठवत होते. एकजण म्हणाले, "मॅडम, बूट आहेत माझे रबरी." मी उठले नाही. ते चिडून वर गेले.

मी सेक्रेटरी कशी झाले ते सांगायला हवं. खालापूरच्या तहसील कचेरीत माझी सारी नोकरी गेली, त्यातली बरीच वर्षं बारनिशीच्या टेबलावर. आलेलं पत्र नोंदवायचं, शिक्का मारायचा, ज्याचं त्याच्याकडे पाठवायचं, गेलेल्या पत्राचा जावक क्रमांक टाकायचा. निवृत्त झाल्यावर दहिवलीतलं जुनं भाड्याचं घर सोडून मी या इमारतीत दोन खोल्या घेतल्या. सोसायटीची नोंदणी झाली तेव्हा पहिल्याच सभेत कोणीतरी म्हणालं, "यांना कागदांची सवय आहे." एवढ्यावर मी निवडून आले.

आणि बिल्डर कोण, तर दहिवलीत आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या घरातला मुलगा. आता चाळिशी ओलांडलेला, दोन मोठ्या इमारती उभ्या केलेला. मला काकू म्हणायचा. माझे यजमान गेले तेव्हा हॉस्पिटलपासून शेवटपर्यंत गाडी घेऊन हजर होता. हे मी विसरले नव्हते, आणि तोही विसरला नव्हता. म्हणूनच तीन पावसाळे माझी तक्रार फोनवरच राहिली होती.

"अरे, भिंतीतून पाणी येतंय."

"काकू, बघतो. माणूस पाठवतो."

माणूस यायचा. पांढऱ्या सिमेंटचा हात मारायचा. पुढच्या पावसात तो थर पापुद्र्यासारखा सुटून खाली पडायचा. मग परत फोन. गेल्या वर्षी तो म्हणाला होता, "दिवाळीनंतर एकदाच पक्कं करू." दिवाळी आली आणि गेली. बेसमेंट कोरडं झालं, तशी सगळ्यांची आठवणही कोरडी झाली. माझीसुद्धा.

त्या दिवशी लाइन तोडल्यावर एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून डिझेल पंप आणला आणि दुपारपर्यंत पाणी उपसलं. लिफ्टच्या खड्ड्यात मात्र ते परत परत भरत होतं. पॅनल तपासून वायरमनने संध्याकाळी लाइन जोडून दिली, पण लिफ्ट बंद ठेवावी लागली. आमचे अध्यक्ष पाचव्या मजल्यावर राहतात. रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते; घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून रेटणारी इंजिनं चालवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. लिफ्ट बंद म्हणजे ते घरात कैद.

त्यांना बातमी द्यायला मी वर गेले आणि फाइल सोबत नेली. त्यांच्याशी बोलता बोलता सहज ताबापत्रं चाळत होते. पहिल्या ताबापत्राची तारीख पाहिली आणि मी बोलायची थांबले.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"पाच वर्षं व्हायला सहा आठवडे राहिलेत."

त्यांना कळलं नाही. मी समजावलं. रेरा कायद्यात असं आहे की ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला दोष बिल्डरच्या नजरेस आणून दिला, तर तो त्याने तीस दिवसांच्या आत, आपल्याकडून काहीही न घेता दुरुस्त करून द्यायचा. नाही दिला तर भरपाई मागता येते. पण दोष नजरेस आणून दिला याचा पुरावा हवा. माझ्याकडे काय होतं? तीन वर्षांचे फोन. एकही कागद नव्हता. जिने आयुष्यभर लोकांना 'तोंडी नको, लेखी द्या' म्हणून खिडकीवरून परत पाठवलं, तिच्याकडे स्वतःच्या घराच्या पायाबद्दल एक ओळ नव्हती.

"आणि परवा त्याला फोन केला तेव्हा काय म्हणाला माहितीये? पाऊस जाऊ द्या काकू, ऑक्टोबरच्या शेवटी बघू."

अध्यक्षांनी माझ्या हातातलं ताबापत्र घेऊन तारीख स्वतः पाहिली. "तो मुद्दाम तसं म्हणाला असेल असं वाटतं तुम्हाला?"

ते मला आजही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी कमिटीची बैठक त्यांच्याच घरी घेतली, कारण ते खाली येऊ शकत नव्हते. मी सरळ सांगितलं की पत्र द्यायचं, ठराव करून द्यायचं. सगळ्यात मोठा विरोध अध्यक्षांचाच.

"सेक्रेटरीबाई, जमीन अजून त्याच्याच नावावर आहे. सोसायटीच्या नावे कन्व्हेयन्स व्हायचंय. आज कायद्याचं पत्र पाठवलं तर तो ती सही दहा वर्षं लांबवेल. पाणी काय, चार महिन्यांचं."

"आणि वीज?" मी विचारलं. "काल पंपवाला त्या पाण्यात उतरणार होता."

"उतरला नाही ना?"

"मी हो म्हटलं असतं तर उतरला असता."

मग खजिनदारबाई म्हणाल्या, "जमिनीचा कागद आणि भिंतीचं पाणी दोन्ही त्याच्याच पदरात आहे. एकाला घाबरून दुसरं सोडायचं असेल तर मग सोसायटी कशाला केली?" मतदान झालं. अध्यक्षांनी विरोध नोंदवला नाही, पण हातही वर केला नाही. ठराव झाला.

पत्र लिहायला मला तीन दिवस लागले. पहिला मसुदा मी रागात लिहिला. त्यात 'हेतुपुरस्सर', 'निष्काळजीपणा', 'रहिवाशांच्या जिवाशी खेळ' असले शब्द होते. लिहून झाल्यावर मी बारनिशीच्या टेबलावर बसल्यासारखं तो वाचून पाहिला. अशी पत्रं मी शेकडो पाहिलेली. साहेब ती वाचायचे, हसायचे आणि 'नस्तीबद्ध करावे', म्हणजे फाइलला लावून टाका, असं लिहायचे. कारण त्यात उत्तर देण्यासारखं काहीच नसायचं. ज्या पत्रात प्रश्न असतो आणि प्रश्नापुढे तारीख असते, त्यालाच उत्तर द्यावं लागतं. मी मसुदा फाडला.

दुसऱ्यात आधी एवढंच लिहिलं की काय घडतंय. कोणत्या भिंतीतून, जमिनीपासून किती उंचीवर, कोणत्या वर्षापासून, आधी कोणती डागडुजी केली आणि ती किती टिकली. बेसमेंटमध्ये जाऊन पंपवाल्याच्या मदतीने मी टेपने मापं घेतली. भिंत आणि फरशी जिथे जुळतात त्या सांध्यातून पाणी एका सरळ रेषेत झिरपत होतं. फोटो काढले, मागे ठिकाण लिहिलं. मग मागण्या:

'सात दिवसांत आपल्या अभियंत्यासह संयुक्त पाहणी करावी. पाहणीनंतर गळतीचे कारण व दुरुस्तीची पद्धत लेखी कळवावी. दुरुस्तीच्या प्रत्येक टप्प्याची सुरुवातीची व पूर्ण होण्याची तारीख द्यावी. पावसामुळे जे काम आत्ता शक्य नसेल, ते वेगळे दाखवून त्याचीही तारीख द्यावी. तोपर्यंत पाणी उपसण्याची व विद्युत पॅनल सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था आपण करावी.'

खाली कायद्याचं कलम एका वाक्यात, धमकी न देता. सोबत ठरावाची प्रत, ताबापत्राची प्रत, फोटो.

सगळ्यात वेळ लागला तो पहिल्या शब्दाला. 'महोदय' लिहायला माझा हात धजेना. ज्याला मी 'अरे' म्हणत आले, ज्याची आई माझे यजमान गेल्यावरही संक्रांतीला मला आवर्जून हळदीकुंकवाला बोलावते, त्याला महोदय. शेवटी लिहिलं. सही करताना वाटलं, आपण एक दार आपल्या हाताने लोटून घेतोय.

पत्र मी स्वतः घेऊन गेले. स्टेशनजवळ त्याचं ऑफिस. बाहेरच्या मुलीने पत्र पाहिलं आणि म्हणाली, "सरांना विचारल्याशिवाय शिक्का मारत नाही." त्याने काचेतून मला पाहिलं आणि आत बोलावलं. चहा सांगितला. पत्र उभ्याउभ्याच वाचलं. वाचताना त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"काकू, हे काय? मी कधी नाही म्हटलंय?"

"नाही म्हटलं नाहीस. हो म्हणून केलंही नाहीस."

"एक फोन करायचात."

"तीन वर्षं केले."

"वकील लावलात का?"

"नाही. मीच लिहिलंय."

तो खुर्चीत बसला. पत्र टेबलावर ठेवून बोटाने दोनदा ठोकलं. "ठेवा इथे. बघतो मी. पण शिक्का-बिक्का नको. आपल्यात शिक्के कधीपासून?"

चहा आला होता. तो प्यावा की नाही मला कळेना. मी म्हटलं, "तू मारला नाहीस तरी पोस्टाचा लागेल. मी इथून तिथेच जाणार आहे. तुझ्या हातात आधी द्यावं असं वाटलं म्हणून आले."

"म्हणजे विश्वास नाही."

"तुझ्यावर आहे. ऑक्टोबरवर नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. पाच वर्षांची तारीख त्याच्या मनात होती की नाही ते त्या नजरेतून मला वाचता आलं नाही. चहा तसाच टाकून मी उठले. पोस्टात जाऊन पोचपावतीसह पत्र टाकलं, ईमेलही केला.

पाच दिवसांनी पोचपावती आली. ती मी फाइलला लावली आणि त्या दिवशी पहिल्यांदा नीट जेवले. पण आणखी चार दिवसांनी उत्तर आलं. त्याच्या लेटरहेडवर, अगदी सभ्य भाषेत. बेसमेंटला लागून असलेल्या जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीतून गळती होत असून टाकीची देखभाल ही सोसायटीची जबाबदारी आहे, सबब सदर दोष बांधकामाचा म्हणता येणार नाही.

दुपारपर्यंत ते उत्तर सगळ्या इमारतीत पोचलं. लोकांची तोंडं बदलली. रबरी बूटवाले मला गेटवर गाठून म्हणाले, "आधी आपलं घर बघायचं मॅडम, मग दुसऱ्यावर पत्र टाकायचं. टाकी आपलीच गळत असेल तर?" टाकी खरंच त्या भिंतीला लागून होती. ती खरंच दोन वर्षं आतून नीट तपासलेली नव्हती. मी सेक्रेटरी होते, म्हणजे ती चूक माझी.

अध्यक्षांकडे गेले. ते काही टोचून बोलले नाहीत, ते जास्त लागलं. "मी म्हटलंच होतं" असं म्हणाले असते तर बरं झालं असतं.

पंपवाल्याला मी ते पत्र वाचून दाखवलं. तो ऐकून हसला नाही, रागावलाही नाही. म्हणाला, "ताई, टाकीचं पाणी नाय ते."

"कशावरून?"

"टाकीला औषध टाकतो मी. वास येतो. ह्या पाण्याला वास नाय. आन गार हाय. हात घालून बघा. जमिनीतलं पाणी हाय." मग म्हणाला, "इमारत नव्हती तवा हितं भातखाचरं होती. मी लावणीला यायचो. वरच्या अंगाला एक वहाळ होता, तो बुजवला. पाणी जाणार कुठं? आमी तवाच बोललो होतो, पर आमाला कोन विचारतंय."

मी बेसमेंटमध्ये जाऊन हात घातला. पाणी खरंच गार होतं. पण गार पाणी काही पुरावा होत नाही.

"टाकी रिकामी करता येईल?" मी विचारलं.

"करू की. पर लोक वरडतील."

मी बिल्डरला दुसरं पत्र लिहिलं, चार ओळींचं. आपले म्हणणे तपासण्यासाठी टाकी पूर्ण रिकामी करून चोवीस तास ठेवत आहोत, आपला अभियंता सुरुवातीला व शेवटी हजर असावा, जे दिसेल ते दोघांच्या सहीने लिहून घेऊ. टाकी गळत असल्यास सोसायटी दुरुस्त करील. हे शेवटचं वाक्य लिहायला कमिटीतल्या दोघांचा विरोध होता. मी म्हटलं, ते नसेल तर तो माणूस पाठवणार नाही.

त्याने पाठवला. तिशीचा इंजिनिअर, शांत, नव्याने नोकरीला लागलेला. सुदैवाने दोन दिवस पावसाची उघडीप होती. गच्चीवरच्या टाक्या आधी भरून घेतल्या, घरोघर पिंपं भरली, आणि सकाळी आठला खालची टाकी उपसली. बेसमेंट आणि लिफ्टचा खड्डाही कोरडा केला. इंजिनिअरने खड्ड्याच्या भिंतीवर खडूने रेघ मारली, फोटो काढला आणि गेला. पाणी उगाच वापरू नका अशी पाटी मी प्रत्येक मजल्यावर लावली. तरी संध्याकाळपर्यंत दोन घरांतून भांडणं आली.

मी दर दोन तासांनी खाली जात होते. पहिल्या वेळी खड्डा कोरडा. दुसऱ्या वेळीही जवळजवळ कोरडा. टाकी रिकामी केल्यावर पाणी थांबलं म्हणजे बिल्डरचं खरं. पंपवाला म्हणाला, "थांबा ताई. आत्ताच उपसलंय. येईल." तिसऱ्या वेळी सांध्याजवळ काळी, ओली रेघ उमटली होती. सहाला तळ चमकत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिनिअर आला तेव्हा खडूची रेघ पाण्याखाली होती. तो वाकून बघत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, परवापर्यंतच्या पावसाचं मुरलेलं पाणीही असू शकतं."

"असू शकतं," मी म्हटलं. "मग ते टाकीचं नाही."

पंपवाल्याने टाकीचं झाकण उचललं होतं. तो म्हणाला, "साहेब, हितं बगा जरा."

आम्ही तिघं झाकणापाशी गुडघ्यांवर बसलो. इंजिनिअरने बॅटरी आत मारली. रिकाम्या टाकीच्या बाहेरच्या बाजूच्या भिंतीवरून, मधल्या उंचीवर, दोन ठिकाणी पाणी आत झिरपत होतं. टाकीतून बाहेर नाही, बाहेरून टाकीत. तळाशी बोटभर पाणी जमलं होतं. जमिनीतलं पाणी टाकीलाच बाहेरून ढकलत होतं.

इंजिनिअर खूप वेळ बॅटरी हलवत बघत होता. मी टाइप करून आणलेला कागद काढला. त्यात मोकळी जागा ठेवली होती. "जे दिसलं ते तुमच्या शब्दांत लिहा," मी म्हटलं.

तो बाजूला जाऊन फोनवर बोलला. बराच वेळ. मला फक्त त्याची पाठ दिसत होती. एकदा त्याचा आवाज चढला: "सर, मी डोळ्यांनी बघितलंय ना." मग तो परत आला. त्याचे कान लाल झाले होते.

"सही करू नकोस म्हणाले?" मी विचारलं.

"मी काय लिहिणार ते आधी सांग म्हणाले."

"सांगितलंत?"

"सांगितलं." त्याने पेन काढलं आणि लिहिलं: 'टाकी चोवीस तास रिकामी असताना तळघरात पाण्याची आवक सुरू राहिली. टाकीच्या बाह्य भिंतीतून भूजल आत येताना दिसले. तळघराच्या भिंत व फरशीच्या सांध्यातून गळती आहे.' खाली सही. मी केली. पंपवाल्याची साक्षीदार म्हणून घेतली. त्याने स्वतःचं नाव सावकाश, एकेक अक्षर दाबून लिहिलं.

त्या इंजिनिअरने ती नोकरी पुढे सहा महिन्यांत सोडली. त्या सहीमुळे की दुसऱ्या कशामुळे, मी विचारायचं धाडस केलं नाही.

चौथ्या दिवशी बिल्डर स्वतः आला. चपला हातात घेऊन, पँट दुमडून बेसमेंटमध्ये उतरला. सांध्यावर हात फिरवला. वर आला तेव्हा मला म्हणाला, "तारखा पाठवतो, सेक्रेटरी मॅडम." हे त्याने टोमणा म्हणून म्हटलं असतं तर मी उलट बोलले असते. तो अगदी साधेपणाने म्हणाला.

तारखा आल्या. पंधरा दिवसांत पॅनल दोन फूट उंच चबुतऱ्यावर. महिन्याच्या आत आतून सांध्यात रसायन भरणं आणि कोपऱ्यात खड्डा करून आपोआप सुरू होणारा पंप. पाऊस संपून जमीन वाळल्यावर बाहेरून खणून भिंतीला जलरोधक थर आणि वरच्या अंगाचं पाणी वळवणारी चर, जानेवारीत सुरू, फेब्रुवारीअखेर पूर्ण. प्रत्येक ओळीपुढे तारीख. मी ते पत्र आवक नोंदवहीत चढवलं आणि अध्यक्षांकडे नेलं. लिफ्ट तोवर सुरू झाली नव्हती. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"मी हात वर केला नव्हता," ते म्हणाले.

"मला माहितीये."

"वहीत तसं लिहून ठेवा. पुढच्यांना कळू दे." मग बायकोला हाक मारून म्हणाले, "अगं, यांना जेवायला वाढ."

पॅनल वेळेत वर चढला. सांध्यात भोकं पाडून रसायन भरायला माणसं आली तेव्हा पंपवाला त्यांच्या पाठीशी उभा राहून कुठे पाणी जास्त येतं ते दाखवत होता. बाहेरचं काम तीन आठवडे उशिरा झालं. त्यासाठी मला आणखी दोन पत्रं लिहावी लागली. खणताना वहाळाची जुनी वाट खरंच सापडली, गोल गुळगुळीत दगडांची. मजूर ते दगड बाजूला रचत होते आणि पंपवाला एकेक उचलून बघत होता.

कन्व्हेयन्स अजून झालेलं नाही. त्याचाही पत्रव्यवहार सुरू आहे. यंदाच्या संक्रांतीला हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. मी तिळगूळ घेऊन स्वतःच दहिवलीला गेले. त्याच्या आईने दार उघडलं, बसवलं, हळदीकुंकू लावलं. दोघी बराच वेळ पावसाचं, गुडघ्यांचं बोलत राहिलो. निघताना ती म्हणाली, "तो म्हणतो तू पत्रात बरोबर लिहिलं होतंस. पण त्याला वाईट वाटलं गं." मी म्हटलं, "मलाही वाटलं." तिने माझा हात थोडा वेळ धरून ठेवला. एवढंच.

या पावसाळ्यात बेसमेंट कोरडं आहे, फक्त लिफ्टमागच्या कोपऱ्यात हाताएवढी ओल दिसते. तिचं मी लगेच लेखी कळवलंय. गेल्या आठवड्यात ती ओल मोजायला आम्ही खाली गेलो होतो, तेव्हा पंपवाला टेप गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "ताई, आमच्या वाडीला जायचा वढ्यावरला साकव गेल्या साली वाहून गेला. पोरी गुडघाभर पान्यातनं शाळंला जातात. दोनदा जाऊन सांगून आलो. बघतो बोलले."

"कोणाला सांगितलंस?"

"सरपंचाला. आन एक साहेब होता, त्याला."

"लेखी?"

त्याने नकारार्थी मान हलवली. आम्ही वर आलो, मी दिवा लावला आणि त्याला समोर बसवलं. साकव नेमका कुठे होता, किती रुंद, कधी वाहून गेला, किती पोरी शाळेला जातात, सगळं एकेक करून विचारायला लागले. तो बोटांवर मोजत सांगत होता आणि मी लिहून घेत होते.